विशेषण भलत्याच नामाला चिकटते: कुरआनच्या छोट्या आयतींतील इज़ाफ़त आणि मराठी भाषांतर

छोट्या आयतींच्या मराठी भाषांतरात एक चूक पुन्हापुन्हा येते. आयतीत दोनतीन नामे एकमेकांना जोडून आलेली असतात, त्यांच्या मागोमाग एक विशेषण असते, आणि मराठीत उतरताना ते विशेषण भलत्याच नामाला लागते. थोर असते नाव, मराठीत थोर होतो नावाचा धनी. किंवा वैभव असते स्वामीचे, ते जाते सिंहासनाकडे. ही चूक टिकून राहते, कारण तयार झालेले मराठी वाक्य कानाला अजिबात खटकत नाही. मूळ आयत शेजारी ठेवून एकेक स्वर तपासल्याशिवाय ती सापडत नाही.

हिच्या जोडीला दुसरी चूक असते ती निश्चिततेची. अरबीत 'अल्' असते किंवा नसते, मराठीत तसे उपपदच नाही. मग भाषांतरात कुठे विनाकारण 'त्या' येतो, कुठे 'एक' येतो, आणि कुठे 'च' हवा असताना तो गळतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: इज़ाफ़तीची, म्हणजे नामाला नाम जोडणाऱ्या षष्ठीची, साखळी कुठे संपते आणि तिच्यातून काय वाहत येते, हे न तपासता थेट अर्थाकडे जाणे.

पुढची अवतरणे देवनागरीत आहेत. त्यांत अक्षराला हलन्त नसेल तर शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारायचा; अवतरणाचा अगदी शेवटचा शब्द मात्र काही ठिकाणी थांबून वाचल्यासारखा, स्वराविना दिला आहे. म्हणजे 'इस्मु', 'इस्मि' आणि 'इस्म' ही एकाच शब्दाची अनुक्रमे प्रथमा, षष्ठी आणि द्वितीया. 'न्' हा शेवटी आलेला तनवीन समजावा.

कारण कुठे आहे

अरबीत मालकीची वस्तू आधी येते आणि मालक नंतर. 'वज्हु रब्बि-क' म्हणजे शब्दशः 'मुख पालनकर्त्याचे तुझ्या'. पहिल्या नामाला मुज़ाफ़ म्हणतात, दुसऱ्याला मुज़ाफ़ इलैह. मुज़ाफ़ला 'अल्' लागत नाही, तनवीनही लागत नाही. मुज़ाफ़ इलैह नेहमी षष्ठीत असतो. या जोडीच्या मध्ये विशेषण शिरू शकत नाही. ते पहिल्या नामाचे असो वा शेवटच्या, त्याला पूर्ण साखळी संपेपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे अरबीत विशेषणाची जागा पाहून ते कोणाचे हे कळत नाही. कळते ते विभक्ती, लिंग आणि वचन जुळवून.

मराठीत नेमके उलट. आपल्याकडे विशेषण ज्याचे असते त्याच्या अगदी पुढ्यात बसते: 'थोर पालनकर्त्याचे नाव' आणि 'पालनकर्त्याचे थोर नाव'. म्हणजे अरबीत जे काम स्वर करतो ते मराठीत जागा करते. भाषांतर करणाऱ्याचा डोळा अरबी ओळीत 'रब्बि-क'च्या लगेच नंतर 'अज़ीम' पाहतो, आणि शेजारी आहे म्हणून तो शब्द 'रब्ब'चा समजतो. तिथेच चूक होते.

उर्दूमार्गे येणाऱ्यांना एक वेगळा अडथळा असतो. फारसी-उर्दूतली 'ए'ची जोडणी दोन्ही कामे करते. 'शब-ए-क़द्र' मध्ये ती षष्ठी आहे आणि 'क़ुरआन-ए-मजीद' मध्ये विशेषण. अरबीत हे दोन निराळे सांगाडे आहेत. 'लैलतुल्-क़द्र' मध्ये पहिल्या शब्दाला 'अल्' नाही, म्हणून ती इज़ाफ़त. 'अल्-क़ुरआनुल्-मजीद' मध्ये दोन्ही शब्दांना 'अल्' आहे, म्हणून तो विशेष्य आणि विशेषण यांचा जोड. ज्याच्या कानात 'ए' मुरलेला आहे त्याला हा फरक ऐकू येत नाही. म्हणून उर्दू तर्जुम्यावरून मराठी करताना अरबी ओळ समोर हवीच.

तपासणी कशी करायची

सुरुवातीला आयतीचा जोडून वाचलेला, पूर्ण स्वरचिन्हांचा पाठ घ्यावा. तिलावतीत आयतीच्या शेवटी थांबताना शेवटचा स्वर गळतो: 'मजीदु' आणि 'मजीदि' दोन्ही 'मजीद्' असेच ऐकू येतात. छोट्या आयतीत विशेषण बहुतेक वेळा शेवटचाच शब्द असल्यामुळे निर्णय करणारा स्वर नेमका तिथे हरवतो. छापील मुसहफ़ात मात्र तो स्वर दिलेला असतो. कानावर किंवा शेवटचा स्वर गाळून केलेल्या देवनागरी लिप्यंतरावर भरवसा ठेवू नये.

मग साखळीला कंस घालावा. 'अल्' नसलेले आणि तनवीन नसलेले नाम दिसले, त्यामागे षष्ठीतले नाम आले, की साखळी सुरू झाली. दुसऱ्या नामालाही 'अल्' व तनवीन दोन्ही नसतील तर ती पुढे चालू आहे. 'अल्' आला, तनवीन आला किंवा 'क', 'हु', 'हुम' असे सर्वनाम जोडले गेले की साखळी तिथे बंद. सर्वनाम हा शेवटचा दुवा असतो. 'रब्बि-क'नंतर आलेला कोणताही शब्द साखळीच्या बाहेरचा. 'मालिकि यौमिद्-दीन' (1:4) ही तीन दुव्यांची साखळी 'दीन'च्या 'अल्'वर बंद होते: न्यायाच्या दिवसाचा मालक.

द्विवचन आणि बहुवचनात मुज़ाफ़चा 'न' गळतो, हे कंस घालताना विसरू नये. 'तब्बत् यदा अबी लहबिन्' (111:1) मधला 'यदा' हा मुळात 'यदानि', म्हणजे दोन हात. 'न' दिसत नाही म्हणून त्याला एकवचन समजून 'अबू लहबचा हात' असे करू नये. 'दोन्ही हात' हवे.

त्यानंतर बाहेर राहिलेला विशेषणासारखा शब्द घेऊन साखळीतल्या प्रत्येक नामाशी विभक्ती, लिंग आणि वचन जुळवावे. निश्चितता इथे सहसा उपयोगाची नाही. शेवटचे नाम निश्चित असले की ती निश्चितता मागे वाहत जाऊन साखळीतले प्रत्येक नाम निश्चित होते, त्यामुळे 'अल्' असलेले विशेषण त्यांपैकी कोणालाही शोभते. विशेषणाला 'अल्' आहे म्हणून ते जवळच्या 'अल्'वाल्या नामाचे, हा तर्क चुकीचा आहे.

एकाच सूरहमधली जोडी: 55:27 आणि 55:78

ही अडचण समजून घ्यायला सूरह अर्-रहमानमधल्या दोन आयतींइतके चांगले उदाहरण नाही.

55:27: 'व यब्क़ा वज्हु रब्बि-क ज़ुल्-जलालि वल्-इक्राम'.
55:78: 'तबारकस्मु रब्बि-क ज़िल्-जलालि वल्-इक्राम'.

दोन्हीकडे साखळी सारखीच: एक नाम, मग 'रब्ब', मग 'क'. मागून येणारे शब्दही सारखेच, तेज आणि सन्मान. फरक फक्त 'ज़ुल्' आणि 'ज़िल्' यांच्यात. 'ज़ू' म्हणजे 'असलेला', आणि हा शब्द विभक्तीप्रमाणे दीर्घ स्वरच बदलतो: प्रथमेत 'ज़ू', षष्ठीत 'ज़ी', द्वितीयेत 'ज़ा'. पुढे 'अल्' आल्यामुळे उच्चारात स्वर आखूड होतो, पण लिहिताना 'वाव' किंवा 'या' उरतोच. म्हणजे हा फरक स्वरचिन्हे नसलेल्या मजकुरातही दिसतो, आणि आयतीच्या शेवटी नसल्यामुळे तिलावतीतही ऐकू येतो.

पहिल्या आयतीत 'ज़ू' प्रथमेत आहे. 'वज्हु' प्रथमेत, 'रब्बि' षष्ठीत. म्हणून तेज आणि सन्मान आहेत मुखाचे. दुसऱ्या आयतीत 'ज़ी' षष्ठीत, तेव्हा तो 'इस्मु'ला जुळत नाही, 'रब्बि'ला जुळतो. तेज आणि सन्मान आहेत पालनकर्त्याचे. मराठीत दोन्हीकडे 'तुझ्या तेजस्वी व सन्माननीय पालनकर्त्याचे' असे एकच रूप ठेवले तर सूरहने केलेला फरक पुसला जातो.

आता मराठीची बाजू. 'तेजस्वी', 'थोर', 'महान' ही विशेषणे बदलत नाहीत, ती केवळ जागेवर अवलंबून असतात. 'तुझ्या पालनकर्त्याचे तेज व सन्मान असलेले मुख' असे केले तर वाचणारा आधी 'पालनकर्त्याचे तेज' असे जोडतो आणि पुढे अडखळतो. पण 'असलेला' हा शब्द 'ज़ू'सारखाच बदलतो, आणि त्यामुळे त्याला पूर्ण साखळीच्या आधी ठेवता येते:

'तेज आणि सन्मान असलेले तुझ्या पालनकर्त्याचे मुख उरेल.'
'तेज आणि सन्मान असलेल्या तुझ्या पालनकर्त्याचे नाव मोठे मंगल आहे.'

'असलेले' हे 'मुख'शी जुळते, 'असलेल्या' हे 'पालनकर्त्याचे'शी. अरबीत 'वाव' आणि 'या' जे करतात तेच मराठीत 'ले' आणि 'ल्या' करतात. 'ज़ू' आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप 'ज़ात' यांच्यासाठी 'वान', 'मय', 'युक्त' अशा न बदलणाऱ्या जोडांपेक्षा 'असलेला' कितीतरी भरवशाचा आहे, जरी तो थोडा लांबट वाटला तरी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 55:78 मध्ये इब्न आमिर यांच्या क़िराअतीत, म्हणजे वाचनपरंपरेत, 'ज़ू' आहे, आणि शामच्या, म्हणजे सीरियाकडच्या, मुसहफ़ातही तिथे 'वाव' लिहिलेला होता. त्या पाठात विशेषण 'नावा'कडे जाते. वर दिलेले मराठी हफ़्सच्या पाठाचे आहे, जो भारतात सर्वत्र छापला जातो. दुसरे एखादे भाषांतर वेगळे दिसले तर त्याला लगेच चूक म्हणण्याआधी ते कोणत्या पाठावरून केले आहे ते पाहावे.

सिंहासन की स्वामी

85:15 मध्ये 'ज़ुल्-अर्शिल्-मजीद' आहे. 'ज़ू' प्रथमेत, 'अर्शि' षष्ठीत, दोन्ही पुल्लिंगी एकवचनी, आणि 'मजीद' आयतीच्या अगदी टोकाला. हफ़्सच्या पाठात 'मजीदु' असा प्रथमेचा स्वर आहे, म्हणून वैभव आहे स्वामीचे: 'सिंहासनाचा स्वामी, वैभवशाली'. हम्ज़ा आणि किसाई यांनी 'मजीदि' वाचले आहे. तसे वाचले तर 'वैभवशाली सिंहासनाचा स्वामी'. मराठीत अनेकदा हे दुसरे रूप दिसते, पण त्यामागे हम्ज़ा किंवा किसाई नसतात. 'अर्श' आणि 'मजीद' शेजारी आहेत एवढेच कारण असते.

हीच आकृती 27:26 मध्ये पाहा: 'रब्बुल्-अर्शिल्-अज़ीमि'. इथे हफ़्सच्या पाठात षष्ठी आहे, म्हणून 'थोर सिंहासनाचा पालनकर्ता' हेच बरोबर. सांगाडा तोच, निर्णय उलटा. 'अर्शच्या आयतींत विशेषण नेहमी अमक्याचे' असा नियम करून चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी शेवटचा स्वर पाहावाच लागतो.

85:15 चे मराठी लिहिताना विशेषण साखळीच्या मागे टाकून स्वल्पविराम द्यावा. 'वैभवशाली सिंहासनस्वामी' असा समास केला तर वैभव कोणाचे ते पुन्हा धूसर होते.

लिंगावरून सुटणारी साखळी

104:6: 'नारुल्लाहिल्-मूक़दतु'. थांबल्यावर 'मूक़दह्' ऐकू येते. 'मूक़दतु' स्त्रीलिंगी आहे, 'नार' स्त्रीलिंगी आहे, आणि आयतीचा शेवटचा स्वर हरवला तरी लिंग हरवत नाही. विशेषण आगीचे, यात शंका उरत नाही. पुढच्या आयतीचा 'अल्लती'ही स्त्रीलिंगी आहे. शिवाय 'अल्लज़ी' आणि 'अल्लती' हे निश्चित नामानंतरच येतात, त्यामुळे 'नारुल्लाहि' निश्चित असल्याची ती दुसरी खूण.

मराठीत इथे निराळीच चूक होते: 'अल्लाहने पेटवलेली आग'. 'मूक़द' म्हणजे पेटवली गेलेली, पण कोणी पेटवली हे आयतीने सांगितलेले नाही. 'अल्लाहि' ही मालकीची षष्ठी आहे, तिचा कर्ता करणे म्हणजे आयतीत नसलेले विधान घालणे. मराठीत षष्ठी आणि '-लेली' शेजारी आली की 'त्याची लिहिलेली चिठ्ठी'सारखा कर्त्याचा अर्थ आपोआप निघतो, म्हणून 'अल्लाहची पेटवलेली आग' हेही पुरेसे सुरक्षित नाही. दोन तुकडे करावेत: 'ती अल्लाहची आग आहे, धगधगत ठेवलेली, जी काळजांपर्यंत पोहोचते.'

स्वर दिसतच नाही तेव्हा

काही ठिकाणी अरबीच निर्णय देत नाही. 69:52 चे 'फ़सब्बिह् बिस्मि रब्बि-कल्-अज़ीमि' घ्या. 'बि'मुळे 'इस्मि' षष्ठीत गेले, 'रब्बि' षष्ठीत आहेच, 'अज़ीमि'ही षष्ठीत. दोन्ही नामे पुल्लिंगी. थोर नाव की थोर पालनकर्ता, व्याकरण दोन्ही मान्य करते.

इथे मराठी अनपेक्षितपणे मदतीला येते. '-ने' लागले की 'नाव'चेही सामान्यरूप होते, आणि मग 'असलेल्या' दोघांनाही जुळतो: 'महिमा असलेल्या तुझ्या पालनकर्त्याच्या नावाने स्तुती कर'. अरबी अव्ययाने जो फरक पुसला तोच मराठी सामान्यरूपाने पुसला, त्यामुळे मूळचा दुहेरीपणा जसाच्या तसा राहतो. याच कारणाने, फरक दाखवायचा असेल आणि वाक्यात '-ने', '-ला', '-कडे' आले असेल, तर 'असलेल्या'वर विसंबू नये. विशेषण थेट त्याच्या नामापुढे ठेवावे.

87:1 चे 'सब्बिहिस्म रब्बि-कल्-अअला' यापेक्षा थोडे वेगळे. इथे 'इस्म' द्वितीयेत आहे आणि 'रब्बि' षष्ठीत, म्हणजे फरक दिसायला हवा होता. पण 'अअला' दीर्घ 'आ'त संपतो आणि त्याच्यावर कोणताच विभक्तिस्वर उमटत नाही. तरी शेजारच्या आयतीतून उत्तर मिळते. 87:2 'अल्लज़ी ख़लक़', म्हणजे 'ज्याने निर्माण केले', हे स्पष्टपणे पालनकर्त्याविषयी आहे. 'अअला' जर नावाचे विशेषण मानले तर 'रब्ब' आणि त्याचा 'अल्लज़ी' यांच्यामध्ये परक्याचे विशेषण येऊन बसते, आणि अशी फारकत व्याकरणकार टाळतात. नमाज़ीतही 'सुब्हान रब्बियल्-अअला' आणि 'सुब्हान रब्बियल्-अज़ीम' म्हटले जाते. तिथे 'इस्म' नाहीच, विशेषण सरळ 'रब्ब'ला लागते. म्हणून 87:1 ला 'तुझ्या सर्वोच्च पालनकर्त्याच्या नावाचा महिमा गा' हे रूप निर्धास्त घ्यावे. 69:52 ला मागेपुढे असा आधार नाही, तिथे दुहेरीपणा राखलेला बरा.

निश्चितता: सूरह अल्-मसदमधला एक शब्द

आता दुसरी चूक. साखळीची निश्चितता शेवटच्या नामावर ठरते. ते अनिश्चित असेल तर सबंध साखळी अनिश्चित. 'तनवीन म्हणजे अनिश्चित' ही खूण बहुतेक वेळा चालते, पण सूरह 111 मध्ये तीच फसवते.

111:1 मध्ये 'अबी लहबिन्' आहे आणि 111:3 मध्ये 'नारन् ज़ात लहबिन्'. शब्द तोच, तनवीन तोच. पहिल्या ठिकाणी 'लहब' हा व्यक्तिनामाचा भाग आहे. विशेषनाम तनवीन घेऊनही निश्चित असते, म्हणून 'यदा अबी लहबिन्' ही साखळी पूर्ण निश्चित: अबू लहबचे दोन्ही हात. तिसऱ्या आयतीत 'लहब' सामान्यनाम आहे, ज्वाळा. 'ज़ात लहबिन्' अनिश्चित, आणि म्हणूनच ते 'नारन्' या अनिश्चित नामाचे विशेषण होऊ शकते. मराठी: 'ज्वाळा असलेल्या आगीत तो जळेल'. इथे 'त्या' घातला तर आधी सांगितलेल्या एखाद्या आगीकडे बोट जाते, आणि सूरहमध्ये आधी आगीचा उल्लेखच नाही. 'एका आगीत' म्हणण्याचीही गरज नाही. मराठीत नुसते नाम अनिश्चितता पुरेशी सांभाळते, आणि 'एका'मुळे उगीच संख्या मोजल्यासारखे वाटते.

शेजारी 85:5 ठेवा: 'अन्नारि ज़ातिल्-वक़ूद'. रचना तीच, पण आगीला 'अल्' आणि इंधनालाही 'अल्'. 85:4 मध्ये खंदकवाल्यांचा उल्लेख झालेला आहे आणि ही आग त्या खंदकाची. इथे 'ती भरपूर इंधन असलेली आग' हे योग्य. म्हणजे 'ती' घालायची की नाही हे मराठी कानावर सोडायचे नाही, साखळीच्या टोकावर सोडायचे.

कानाने काम करणाऱ्यांसाठी इथे आणखी एक सापळा आहे. 104:1 चे 'वैलुन् लि-कुल्लि हुमज़तिन् लुमज़ह्' तिलावतीत 'हुमज़तिल्-लुमज़ह्' असे ऐकू येते, कारण तनवीनचा 'न्' पुढच्या 'ल'मध्ये मिसळतो. हा 'ल्' उपपदाचा आहे असा हमखास समज होतो. लेखी पाठात तिथे 'अलिफ़-लाम' नाही. याचा अर्थावर परिणाम होतो: 'कुल्ल'नंतर अनिश्चित एकवचन आले तर 'प्रत्येक', निश्चित एकवचन आले तर 'सगळा, आख्खा'. इथे अनिश्चित आहे, म्हणून 'निंदा करणाऱ्या, टोमणे मारणाऱ्या प्रत्येकाचा नाश असो'.

'च' कुठे लावायचा

वाक्याचे विधेय निश्चित असेल तर अरबीत बहुतेक वेळा 'फक्त हाच' असा अर्थ येतो, आणि मराठीत तो 'च'ने दाखवावा लागतो. 112:1 मध्ये 'अल्लाहु अहद' आहे, विधेयाला 'अल्' नाही: 'अल्लाह एकमेव आहे'. 112:2 मध्ये 'अल्लाहुस्-समद', विधेयाला 'अल्' आहे: 'अल्लाहच सर्वांचा आधार आहे'. दोन्ही ओळी एकाच साच्यात घातल्या की दुसऱ्या ओळीचा जोर जातो.

पण हा नियम इज़ाफ़तीवर आंधळेपणाने लावला तर 29:57 मध्ये फसायला होते: 'कुल्लु नफ़्सिन् ज़ाइक़तुल्-मौत'. 'ज़ाइक़तुल्-मौत'च्या टोकाला 'अल्' आहे, म्हणून साखळी निश्चित, म्हणून विधेय निश्चित, म्हणून 'प्रत्येक जीवच मृत्यूची चव घेणारा' असा हिशेब होतो. तो चुकीचा आहे. 'ज़ाइक़' हे धातूपासून बनलेले, क्रिया दाखवणारे रूप आहे, आणि 'मौत' तिचा मालक नसून कर्म आहे: मृत्यूची चव घेणारा. अशी इज़ाफ़त केवळ उच्चाराच्या सोयीची असते, तिच्यातून निश्चितता मागे वाहत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. पहिले नाम 'करणारा' या अर्थाचे असेल, क्रिया चालू किंवा पुढे होणारी असेल, आणि षष्ठीच्या जागी द्वितीया ठेवून तनवीन परत घालता येत असेल ('ज़ाइक़तुन् अल्-मौत'), तर ही दुसऱ्या जातीची साखळी. मराठीत तिला '-चा, -ची'पेक्षा सरळ क्रियापद बरे: 'प्रत्येक जीव मृत्यूची चव घेणार आहे, मग तुम्हाला आमच्याकडेच परत आणले जाईल.' इथला 'च' दुसऱ्या भागातून आला आहे: 'इलैना' हा शब्द क्रियापदाच्या आधी आणलेला आहे म्हणून.

जिथे दोन्ही भाषा अडतात

106:3-4: 'फ़ल्-यअबुदू रब्ब हाज़ल्-बैत, अल्लज़ी अत्अमहुम्...'. 'रब्ब' पुल्लिंगी, 'बैत' पुल्लिंगी, दोन्ही निश्चित, आणि 'अल्लज़ी'ला एकवचनात विभक्तिस्वर नाही. अन्न देणारा कोण हे अर्थावरूनच ठरते. मराठीत घर नपुंसकलिंगी असले तरी 'ज्याने' दोन्ही लिंगांना एकच, त्यामुळे 'या घराच्या पालनकर्त्याची भक्ती करावी, ज्याने...' हेही तितकेच मोघम राहते. उपाय म्हणजे नाम पुन्हा घेणे: 'त्यांनी या घराच्या पालनकर्त्याची भक्ती करावी, त्या पालनकर्त्याची, ज्याने त्यांना भुकेत अन्न दिले आणि भीतीत अभय दिले.' हा दुसरा 'पालनकर्ता' अरबीत नाही, म्हणून आवृत्तीच्या नियमांप्रमाणे लागत असेल तर तो कंसात टाकावा.